मोठा पडदा, धूसर शिरोरेषा

लॅपटॉपला नवा मॉनिटर जोडला की मराठीत काम करणाऱ्यांची पहिली तक्रार ठरलेली असते: अक्षर मोठे झाले, पण स्वच्छ राहिले नाही. इंग्रजी मजकूर ठीकठाक वाटतो, मराठी मात्र ओल्या बोटाने पुसल्यासारखा दिसतो. एका ओळीतली शिरोरेषा काळीभोर, तर खालच्या ओळीतली करडी. ‘घ’ आणि ‘ध’ यांत फरक करायला मान पुढे काढावी लागते. काहींना चष्म्याचा नंबर वाढल्याची शंका येते, काही जण मॉनिटर बदलून मागतात. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा डोळ्यांत नसतो आणि मॉनिटरमध्येही नसतो. संगणक देवनागरी अक्षर ज्या रीतीने ठिपक्यांत उतरवतो, त्या रीतीत तो असतो. तो बराचसा दूर करता येतो आणि त्यासाठी खर्चही लागत नाही.

आधी थोडे मोजमाप पाहू. समजा, १४ इंची लॅपटॉप आहे आणि त्याच्या पडद्यावर १९२० × १०८० पिक्सेल आहेत. शेजारी २४ इंची मॉनिटर आहे आणि त्यावरही तेवढेच पिक्सेल आहेत. लॅपटॉपचा एक पिक्सेल साधारण ०.१६ मिलिमीटरचा, तर मॉनिटरचा ०.२८ मिलिमीटरचा. विंडोज अशा लॅपटॉपसाठी बहुधा १५० टक्के स्केल सुचवते आणि मॉनिटरसाठी १००. वर्डमध्ये १२ पॉइंटचा मजकूर आणि झूम १०० टक्के ठेवला, तर तो मॉनिटरवर १६ पिक्सेलमध्ये काढला जातो आणि लॅपटॉपवर २४ पिक्सेलमध्ये. मिलिमीटरमध्ये मोजले, तर मॉनिटरवरचा मजकूर मोठा भरतो: ४.४ मिलिमीटर, लॅपटॉपवर ३.९. म्हणजे अक्षराचा आकार वाढला आणि ते रेखाटायला मिळणारे ठिपके मात्र एक तृतीयांशाने घटले. धूसरपणाची पहिली आणि सर्वांत मोठी गोम इथे आहे.

देवनागरीला उंची हवी

हेच १६ पिक्सेल रोमन लिपीला पुरतात, मग देवनागरीला का पुरत नाहीत? रोमन अक्षरांचा मुख्य भाग मधल्या पट्ट्यात असतो आणि त्याच्या वर-खाली जाणारे दांडे थोडे असतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार बसतात. खाली उकार, ऋकार, हलन्त आणि उभ्या जोडाक्षरांचे दुसरे मजले येतात. ‘मूर्तींना’ या शब्दात ‘त’च्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिन्ही एकत्र आहेत. एवढ्या उतरंडीसाठी जागा राखली की मधल्या अक्षराच्या वाट्याला मोजकेच पिक्सेल उरतात. त्यात ‘ष’ची तिरकी रेघ, ‘ब’च्या पोटातली रेघ आणि ‘भ’ची गाठ मावली पाहिजे. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या शिरोरेषेत जी छोटी फट असते, तीही राहिली पाहिजे. ती फट करड्या पिक्सेलने भरली की ‘धर’चे ‘घर’ व्हायला वेळ लागत नाही, आणि मुद्रितशोधन करणाऱ्याला हा फरक दिसलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट शिरोरेषेची. ती आडवी असते आणि शब्दभर अखंड चालते. अक्षरे गुळगुळीत करण्याची विंडोजमधली प्रसिद्ध पद्धत म्हणजे क्लिअरटाइप. मायक्रोसॉफ्टने ती १९९८ मध्ये जाहीर केली आणि २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये ती मिळू लागली. नेहमीच्या एलसीडी पडद्यावरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन उभ्या पट्ट्यांचा असतो. क्लिअरटाइप या पट्ट्या वेगवेगळ्या उजळते, त्यामुळे रेघ आडव्या दिशेने पिक्सेलच्या एक तृतीयांश भागापर्यंत नेमकी बसवता येते. याचा फायदा उभ्या रेघांना होतो. रोमन ‘l’ आणि ‘i’ सुधारतात, देवनागरीतला कानाही सुधारतो. शिरोरेषेला मात्र यातून काही मिळत नाही, कारण तिची जाडी उभ्या दिशेने मोजली जाते आणि त्या दिशेने पट्ट्या नाहीतच. इंग्रजी नीट आणि मराठी धूसर असे का दिसते, याचे बरेचसे उत्तर यात आहे.

एका रेघेचा हिशोब

शिरोरेषेचे नेमके काय होते ते एका उदाहरणाने पाहू. धरून चालू की एखाद्या फॉन्टमध्ये शिरोरेषेची जाडी अक्षराच्या मापाच्या बाराव्या भागाइतकी आहे. माप १६ पिक्सेल असेल, तर ही जाडी १.३३ पिक्सेल होते. पडद्याला पिक्सेलचा तुकडा दाखवता येत नाही. तो फक्त त्या पिक्सेलचा रंग कमी-जास्त गडद करू शकतो. रेघ पिक्सेलच्या कडेला बरोबर जुळून सुरू झाली, तर एक ओळ पूर्ण काळी आणि तिच्या शेजारची फिकट करडी होते. हे चालण्यासारखे आहे. पण रेघ एक तृतीयांश पिक्सेल खाली सरकली, तर दोन्ही ओळी दोन तृतीयांश करड्या होतात आणि पूर्ण काळी अशी एकही ओळ राहत नाही. पान वर-खाली सरकवताना किंवा झूम बदलताना एकच शिरोरेषा कधी ठसठशीत, कधी पुसट दिसते, ती यामुळे.

आता स्केल १२५ टक्के करू. माप २० पिक्सेल, रेघ १.६७ पिक्सेल. रेघ कितीही वाईट जागी पडली, तरी तिची सर्वांत गडद ओळ ८३ टक्के काळी राहते. १५० टक्क्यांना माप २४ आणि रेघ बरोबर २ पिक्सेल. दोन पिक्सेलची रेघ कुठेही पडो, तिच्यात एक ओळ पूर्ण काळी असणारच. शिरोरेषा दोन पिक्सेलपर्यंत गेली की देवनागरी स्थिर दिसू लागते, आणि पुढच्या सगळ्या सेटिंगचा हेतू तिला तिथवर किंवा तिच्या शक्य तितके जवळ नेणे हाच आहे.

यावर फॉन्ट बनवणाऱ्यांकडे आणखी एक उपाय असतो, त्याला हिंटिंग म्हणतात. लहान मापात कोणती रेघ पिक्सेलच्या कोणत्या ओळीला चिकटवायची, याच्या सूचना फॉन्टमध्येच भरलेल्या असतात. त्या नीट असतील, तर १.३३ पिक्सेलची शिरोरेषा सरळ एका पिक्सेलला बसवली जाते आणि ती बारीक पण काळी दिसते. विंडोजमधला जुना मंगल आणि विंडोज ८ पासून आलेला निर्मला यूआय हे पडद्यासाठी केलेले फॉन्ट आहेत. छपाईसाठी आखलेला, नाजूक रेघांचा फॉन्ट कागदावर सुंदर उतरतो, पण १६ पिक्सेलमध्ये त्याची शिरोरेषा एक पिक्सेलही भरत नाही आणि ती करडीच राहते. त्यामुळे लेखन-संपादन पडद्यासाठीच्या फॉन्टमध्ये करावे आणि छपाईचा फॉन्ट शेवटी लावावा.

आधी सिग्नल, मग स्केल

दुरुस्तीला सुरुवात क्लिअरटाइपपासून करू नये. आधी मॉनिटरकडे चित्र जसेच्या तसे पोहोचते आहे का ते पाहावे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले या वाटेने गेले की रेझोल्यूशनची यादी दिसते. ज्या आकड्यापुढे ‘Recommended’ लिहिलेले असते, तोच हवा. अक्षर मोठे व्हावे म्हणून काही जण इथला आकडा कमी करतात. तसे केले की प्रत्येक पिक्सेल ताणला जातो आणि सगळा पडदा धूसर होतो. अक्षर मोठे करण्याची जागा स्केल ही आहे, रेझोल्यूशन नव्हे.

त्याच ठिकाणी ‘Advanced display’ उघडले की दोन आकडे दिसतात: ‘Desktop mode’ आणि ‘Active signal mode’. ते दोन्ही सारखे असले पाहिजेत. वेगळे असतील, तर वाटेत कुणीतरी चित्र ताणते आहे. त्याच पानावर रंगाचे स्वरूप दिलेले असते, तिथे ‘RGB’ असेल तर उत्तम. ‘YCbCr’ आणि पुढे ४:२:२ किंवा ४:२:० असेल, तर रंगाची माहिती अर्धी किंवा त्याहून कमी जाते आहे. व्हिडिओत हे कळत नाही, पण क्लिअरटाइपचा सगळा डाव रंगीत पट्ट्यांवरच असल्याने अक्षरांच्या कडा माखल्यासारख्या होतात. टीव्हीचा मॉनिटर म्हणून वापर करताना हा त्रास जास्त होतो. टीव्हीच्या मेनूत त्या एचडीएमआय जोडणीला ‘PC’ हे नाव दिले की अनेक संचांत तो थांबतो. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत ‘Sharpness’ खूप वाढवलेले असेल, तर अक्षरांभोवती पांढरट कडा उमटतात; ते कारखान्याच्या मूळ आकड्यावर आणावे.

यानंतर स्केल. वरच्या उदाहरणातल्या २४ इंची मॉनिटरला १२५ टक्के द्यावे. विंडोज प्रत्येक पडद्याला वेगळा स्केल देऊ देते, त्यामुळे लॅपटॉपचे १५० तसेच राहतात. याची किंमत जागेत मोजावी लागते: १२५ टक्क्यांवर १९२० × १०८० चा पडदा १५३६ × ८६४ इतकाच मजकूर मांडतो. दोन पाने शेजारी-शेजारी लावणाऱ्याला हे जाचक वाटेल. त्याने स्केल १०० ठेवून फक्त वर्ड आणि ब्राउझरचा झूम १२५ ते १५० टक्के करावा. शिरोरेषेला पिक्सेल मिळाल्याशी कारण. ते स्केलने मिळाले की झूमने, याने फरक पडत नाही. ‘Custom scaling’मध्ये ११५ किंवा १३७ असे आकडे मात्र टाकू नयेत. तो आकडा सर्व पडद्यांना एकदम लागू होतो आणि ज्या प्रोग्रॅमचा आराखडा १००, १२५, १५० गृहीत धरून केला आहे, ते विस्कटतात.

फक्त एकच प्रोग्रॅम धूसर असेल तर

अनेकदा ब्राउझर स्वच्छ दिसतो आणि एखादा जुना डीटीपी किंवा हिशोबाचा प्रोग्रॅम मात्र धूसर दिसतो. अशा वेळी नीट पाहावे: फक्त अक्षरे धूसर आहेत की बटणे आणि चित्रेही? दोन्ही धूसर असतील, तर फॉन्टचा काही दोष नाही. त्या प्रोग्रॅमला वेगवेगळ्या स्केलचे पडदे कळत नाहीत, म्हणून विंडोज त्याची खिडकी एका स्केलला काढून घेते आणि तयार चित्र ताणते किंवा आक्रसते. खिडकी लॅपटॉपवरून मॉनिटरवर ओढताच धूसर झाली, तर निदान पक्के समजावे.

यावर सोपा उपाय असा: मॉनिटर जोडलेला आणि मुख्य पडदा म्हणून निवडलेला असताना साइन-आउट करून पुन्हा साइन-इन करावे. असे प्रोग्रॅम साइन-इनच्या वेळी मुख्य पडद्याला जो स्केल असतो, तोच धरून बसतात. तेवढ्याने भागले नाही, तर त्या प्रोग्रॅमच्या फाइलवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज, कॉम्पॅटिबिलिटी, ‘Change high DPI settings’ इथवर जावे. तिथे ‘Override high DPI scaling behavior’ वर खूण करून ‘Application’ निवडावे. आता विंडोज ताणाताण करणार नाही. अक्षरे रेखीव होतील, पण मेनू बारीक राहतील. ‘System (Enhanced)’ हा मधला मार्ग काही प्रोग्रॅमना मानवतो, काहींना नाही. दोन्ही पाहून ठरवावे.

क्लिअरटाइपची जुळणी

एवढे झाल्यावर क्लिअरटाइपकडे वळावे. स्टार्ट मेनूत पुढचा शब्द टाइप करून एंटर दाबले की जुळणीची खिडकी उघडते.

```
cttune
```

ती प्रत्येक पडद्यासाठी वेगळी जुळणी करू देते, म्हणून दोन्ही पडद्यांसाठी ती वेगवेगळी पार पाडावी. पुढे नमुन्यांचे चौकोन येतात आणि त्यांतला सर्वांत स्वच्छ निवडायचा असतो. अडचण अशी की नमुने रोमन लिपीत असतात. इंग्रजीला शोभणारा सर्वांत गडद नमुना देवनागरीत गाठी बुजवू शकतो. म्हणून निवड झाल्यावर नोटपॅडमध्ये एक चाचणीची ओळ लिहून पाहावी:

```
घन धन, मार भार, बाट वाट, मूर्तींना, दुसऱ्या, बुद्धी, वाङ्मय, हृदय, चिठ्ठी
```

या ओळीत पाच गोष्टी तपासायच्या. ‘ध’ आणि ‘भ’ यांची शिरोरेषेतली फट दिसते का? ‘ब’च्या पोटातली रेघ सुटी आहे का? ‘र्तीं’वरचा अनुस्वार रफारापासून वेगळा दिसतो का? ‘ङ’चा टिंब शाबूत आहे का? सगळ्या शिरोरेषा एकसारख्या काळ्या आहेत का? पहिल्या चारांपैकी काही बिघडले, तर जुळणी पुन्हा करून किंचित फिकट नमुना निवडावा. पाचवी गोष्ट क्लिअरटाइपच्या हाती फारशी नाही. तिच्यासाठी स्केल किंवा झूमच वाढवावा लागतो.

मराठी लेखक-संपादकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वर्ड २०१३ पासून मायक्रोसॉफ्टने वर्डमध्ये रंगीत पट्ट्यांचा वापर सोडला आणि फक्त करड्या छटांनी अक्षरे गुळगुळीत करणे सुरू केले. त्यामुळे `cttune`मध्ये कितीही फेरफार केला, तरी वर्डच्या पानावर त्याचा परिणाम शोधू नये. तिथे झूम हाच उपाय आहे. अ‍ॅक्रोबॅट रीडरचीही सेटिंग वेगळी असते: प्रेफरन्सेस, ‘Page Display’ इथे ‘Smooth Text’चे पर्याय मिळतात. एलसीडीसाठीचा पर्याय निवडावा.

मॉनिटर उभा फिरवून वापरणाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. पुस्तकाचे अखंड पान दिसावे म्हणून बरेच जण तसे करतात. फिरवल्यावर लाल, हिरवी, निळी पट्टी एकमेकींच्या शेजारी न राहता एकावर एक येतात आणि क्लिअरटाइपचे गणित चुकते. अशा पडद्यावर क्लिअरटाइप बंद करून करड्या छटा ठेवणे बरे. क्यूडी-ओलेड जातीच्या मॉनिटरमध्ये तर पट्ट्या नसून त्रिकोणी मांडणी असते, त्यामुळे आडव्या कडांना वर-खाली हिरवट आणि जांभळट झाक येते. सबंध पानभर आडव्या रेघा असलेल्या लिपीला ती जास्त जाणवणार. मराठीत दिवसभर काम करायचे असेल, तर असा मॉनिटर विकत घेण्याआधी दुकानातच मराठी पान उघडून पाहावे.

मॅक आणि लिनक्स

मॅकमध्ये २०१८ च्या मोहावी आवृत्तीपासून रंगीत पट्ट्यांची पद्धत बंद झाली आणि हिंटिंगकडे मॅक आधीपासूनच लक्ष देत नाही. त्यामुळे तिथे सगळी भिस्त पिक्सेलच्या दाटीवर असते. २७ इंची ४के मॉनिटर २५६० × १४४० सारखा दिसेल असा ठेवला, तर मॅक आधी ५१२० × २८८० चे चित्र काढतो आणि ते ३८४० × २१६० वर आक्रसतो. १९२० × १०८० सारखा ठेवला, तर बरोबर दुप्पट गणित बसते आणि आक्रसणे टळते; पण सगळे आकाराने मोठे होते. अक्षरे जाड आणि बुजलेली वाटत असतील, तर टर्मिनलमध्ये ही आज्ञा द्यावी आणि लॉग-आउट करून परत यावे:

```
defaults -currentHost write -g AppleFontSmoothing -int 0
```

लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपवर देवनागरीला मानवणारी जोडी अशी:

```
gsettings set org.gnome.desktop.interface font-hinting 'slight'
gsettings set org.gnome.desktop.interface font-antialiasing 'grayscale'
```

‘slight’ हिंटिंग अक्षराला फक्त उभ्या दिशेने पिक्सेलच्या ओळींशी जुळवते, रुंदीला हात लावत नाही. अक्षरे काढणाऱ्या फ्रीटाइप या प्रणालीचे स्वयंचलित हिंटिंग देवनागरीची शिरोरेषा वेगळी ओळखते. त्यामुळे ज्या फॉन्टमध्ये स्वतःच्या सूचना नाहीत, त्याचीही शिरोरेषा तिथे ठीक ओळीवर बसते.

नवा मॉनिटर घेताना

२४ इंची, १९२० × १०८० चा मॉनिटर वरच्या सगळ्या उपायांनी कामापुरता स्वच्छ होतो. तेवढ्याच पिक्सेलचा २७ इंची मॉनिटर मराठी मजकुरासाठी घेऊ नये. त्यात इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल येतात. २७ इंची आणि २५६० × १४४० चा मॉनिटर १२५ टक्के स्केलवर बरा चालतो. बजेट असेल, तर २७ इंची ४के घ्यावा आणि १५० टक्के स्केल द्यावा: पडद्यावर २५६० × १४४० इतकी जागा मिळते, १२ पॉइंटचे अक्षर २४ पिक्सेलमध्ये बसते आणि शिरोरेषेला तिचे दोन पिक्सेल मिळतात. केबल आणि डॉक मात्र ४के चित्र ६० हर्ट्झला पाठवू शकणारे घ्यावेत. जुन्या एचडीएमआय १.४ जोडणीवर ४के केवळ ३० हर्ट्झला चालते आणि कर्सर अडखळतो.